वेस्टचे झोन पाठ करू नका, कागदावर काढा

जॉन वेस्ट यांचे फुफ्फुसातल्या रक्तप्रवाहाचे तीन झोन बरेच जण घोकतात आणि पेशंटसमोर गोंधळतात, खरं तर एक कागद, पट्टी आणि वजाबाकी एवढ्यावर ते आपोआप निघतात.

१. उभ्या माणसाचं फुफ्फुस साधारण ३० सेंटिमीटर उंच असतं, तेवढी उभी रेघ मारा आणि मधोमध हृदयाची पातळी धरा.

२. त्या पातळीला फुफ्फुसाच्या धमनीत सरासरी दाब २० लिहा, शिरेत ७ (दोन्ही सेंटिमीटर पाण्यात), आणि वायुकोशात ०.

३. आता एकेक सेंटिमीटर वर गेलात की धमनी आणि शीर दोन्हींतून एकेक वजा, खाली आलात की अधिक. वायुकोशातला दाब मात्र वरपासून खालपर्यंत तोच ठेवा, हवेला वजन नसल्यातच जमा. अगदी टोकाला धमनीत उरले ५ आणि शिरेत उणे ८.

४. मग तुलना करा. हृदयाच्या वर ७ सेंटिमीटरपर्यंत शिरेतला दाबसुद्धा वायुकोशापेक्षा जास्त आहे, तो सगळा खालचा भाग झोन ३, तिथं रक्त सलग वाहतं. त्याच्या वर झोन २, तिथं शिरेचा दाब कमी पडतो आणि प्रवाह ठरतो तो धमनी वजा वायुकोश यावर. वायुकोश धमनीलाही भारी पडला तर केशवाहिन्या चपट्या होतात, तो झोन १. निरोगी माणसात, बघा, तो या आकड्यांत सापडतच नाही.

५. आता पेशंट व्हेंटिलेटरवर घ्या, पीप म्हणजे श्वास सोडल्यावरही वायुकोशात राखलेला दाब १०, आणि बराच रक्तस्राव होऊन धमनीचा दाब १६ वर आलाय. वायुकोशात १० लिहा. हृदयापासून ६ सेंटिमीटर वर गेलं की धमनीतही १०च उरतात, म्हणजे वरचे ९ सेंटिमीटर झोन १, हवा जातेय पण रक्त नाही. (पीपमुळे रक्ताचे दाबही थोडे बदलतात, इथं ते सोडलंय.) हे ओळखायचं कसं, तर शरीराकडे जाणाऱ्या धमनीच्या रक्तातला आणि उच्छ्वासाच्या शेवटी मिळणारा कार्बन डायऑक्साइड यातली दरी वाढते.

६. शेवटी त्याच रेघेशेजारी हवा मांडा, पण पुन्हा निरोगी, उभ्या माणसाची. फुफ्फुसाभोवतीचा दाब वर उणे १० आणि खाली उणे २.५ च्या आसपास असतो, त्यामुळे वरचे वायुकोश आधीच ताणलेले असतात आणि नवीन श्वास जास्त करून खालच्या वायुकोशांत जातो. म्हणजे हवाही खाली जास्त, रक्तही खाली जास्त, पण रक्तातला फरक फार मोठा, म्हणून हवा भागिले रक्त हे गुणोत्तर टोकाला ३ च्या वर आणि तळाशी ०.६ च्या आसपास येतं. टोकाला ऑक्सिजन जास्त राहतो आणि मोठ्यांमधला टीबी तिथंच जास्त दिसतो, त्याचं एक कारण हेच मानतात.

पेशंट आडवा झाला की रेघही आडवी करा, छातीपासून पाठीकडे. उंची कमी झाल्यामुळे फरकही कमी होतो, आणि जास्त रक्त आता पाठीच्या बाजूला.