पहिला गेमिंग लॅपटॉप घेताना या चुका टाळा: ग्राफिक्स, रॅम की स्क्रीन?

इंजिनिअरिंगचा प्रवेश ठरला, की आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो. वडिलांना तो कॉलेजसाठी हवा असतो. पोराला कशासाठी हवा असतो, ते घरात सगळ्यांना ठाऊक असतं. बजेट सत्तर-पंचाहत्तर हजारांवर येऊन अडतं. एवढ्या पैशांत चांगलं ग्राफिक्स, भरपूर रॅम आणि देखणी स्क्रीन असं तिन्ही एकत्र सहसा मिळत नाही, त्यामुळे कुठेतरी हात आखडावा लागतो.

माझा हिशेब असा, की जे नंतर बदलता येत नाही त्यावर आज पैसे घालायचे. ग्राफिक्स चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, ती लॅपटॉपच्या जन्मभर तीच राहते. रॅम बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये वाढवता येते. स्क्रीन बदलणं किचकट असलं, तरी टेबलावर मॉनिटर जोडून वेळ निभावते. म्हणजे आधी ग्राफिक्स, मग रॅम, शेवटी स्क्रीन. पण एवढंच लक्षात ठेवून दुकानात गेलात तरी फसायला जागा उरतेच.

चूक पहिली: ग्राफिक्स कार्डाचं नुसतं नाव बघणं

माझा भाचा खानापूरचा. त्याच्यासाठी आम्ही बेळगावात तीन लॅपटॉप बघितले. पहिल्यात आरटीएक्स ३०५०, चार जीबीवाला, सोबत १६ जीबी रॅम, किंमत ६८ हजार. दुसरा दिसायला झकास, बारीक आणि हलका, आरटीएक्स ४०५०, स्क्रीन २५६० बाय १६०० ची, ८० हजार. तिसरा जाडजूड, तोच आरटीएक्स ४०५०, पण रॅम आठच जीबी आणि स्क्रीन साधी, ७२ हजार.

दुकानदाराचा जोर पहिल्यावर. "सर, बारा जीबी ग्राफिक्स हाय की ह्यात, आणि काय पाहिजे?" आणि त्याने खरंच स्क्रीनवर तसा आकडा दाखवला. तो खोटं बोलत नव्हता, पण चुकीची ओळ दाखवत होता. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये System Information उघडलं की `Total available graphics memory` अशी एक ओळ दिसते. त्यात कार्डाची स्वतःची मेमरी आणि गरज पडल्यास उसनी घेता येईल अशी रॅम, जी साधारण एकूण रॅमच्या निम्मी असते, दोन्हींची बेरीज असते. चार अधिक आठ, झाले बारा. बघायची ती `Dedicated video memory` ही ओळ, आणि तिथे ४०९६ एमबी, म्हणजे चारच जीबी होते.

उसनी मेमरी कामाला का येत नाही? गेममधल्या भिंती, झाडं, कपडे यांची चित्रं, म्हणजे टेक्स्चर, कार्डाच्या मेमरीत ठेवलेली असतात. ती भरली की उरलेलं रॅममध्ये जातं, आणि तिथून दर वेळी ओढून आणायला फार वेळ लागतो. मग सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण वळणावर गाडी वळवली की चित्र क्षणभर गचका खातं. सायबरपंक २०७७ सारखा गेम आता किमान यादीतच सहा जीबीचं कार्ड मागतो. म्हणून नवे मोठे गेम खेळायचे असतील तर चार जीबीचं कार्ड आज घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आरटीएक्स ३०५० सहा जीबीतही मिळतं. नाव तेच असतं, एवढंच बघून घ्या.

आता दुसरा आणि तिसरा. दोन्हींत आरटीएक्स ४०५०, दोन्हींत सहा जीबी. फरक वॅटचा. हीच चिप कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊन बसवू शकते. बारीक लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर काढायला जागा नसते, म्हणून तिला कमी वीज देतात आणि ती हळू चालते. मॉडेलच्या पानावर `TGP` किंवा `Maximum Graphics Power` या नावाने हा आकडा असतो; दुकानात चालू लॅपटॉप असेल तर वर सांगितलेल्या System Information मध्येही दिसतो. चाळीस-पन्नास वॅट दिसले तर पुढे चला. ऐंशीच्या वर असेल तर बरं. शंभराच्या पुढे मात्र या चिपला फारसा फायदा होत नाही, तेव्हा त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

आकडा कुठेच सापडला नाही तर चार्जर उलटा करून बघा. मागच्या लेबलवर `Output` समोर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार करा. तिसऱ्या लॅपटॉपच्या विटेएवढ्या चार्जरवर २० व्होल्ट, ८.५ अँपिअर होतं, म्हणजे १७० वॅट. दुसऱ्याचा चार्जर १०० वॅटचा. त्यातच प्रोसेसर, पंखे, स्क्रीन सगळं भागवायचं, तर ग्राफिक्सला उरणार किती? आमचा निर्णय तिथेच झाला.

चूक दुसरी: रॅमचे जीबी मोजणं, स्लॉट न विचारणं

आठ जीबी रॅम बघून बहिणीचा चेहरा पडला. "अरे, पहिल्यात सोळा आहे ना?" तिची शंका रास्तच होती. विंडोज आणि ब्राउझर मिळून तीन-चार जीबी सहज खातात, तेव्हा गेमसाठी आठ जीबी आज अपुरेच. पण विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आत स्लॉट किती, आणि रिकामा आहे का?

टास्क मॅनेजर उघडून Performance मध्ये Memory वर गेलात की खाली लिहिलेलं दिसतं:

```
Slots used: 1 of 2
Form factor: SODIMM
```

हे दिसलं तर वाट मोकळी आहे. `Row of chips` असं दिसलं तर रॅम बोर्डावरच चिकटवलेली आहे. मग सोळा जीबीपेक्षा कमी अजिबात घेऊ नका, कारण पुढे काही करता येणार नाही. स्लॉटचा आकडा कधी कधी फसवा असतो, म्हणून मॉडेलच्या माहितीपत्रकातही खात्री करून घ्या.

पूर्वी मी डोळे झाकून सांगायचो, आठ जीबीवाला घ्या आणि आणखी आठची स्टिक बाहेरून टाका. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले, की आता तसं सांगता येत नाही. त्याच मॉडेलची सोळा जीबीची आवृत्ती मिळत असेल तर दोन्हींच्या किमतीतला फरक आणि सुट्या स्टिकचा त्या दिवसाचा भाव शेजारी मांडून बघा. आम्हाला हवा तो लॅपटॉप आठ जीबीतच होता, म्हणून तो घेतला आणि स्टिक दसऱ्यावर ढकलली.

दसऱ्याच्या आधीच भाच्याचा फोन आला. "मामा, गेम मधेच अडकतोय. ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय काय?" त्याला म्हटलं, गेम चालू ठेव, टास्क मॅनेजर उघड आणि दोनच आकडे सांग. Memory समोर ७.७ पैकी ७.४ जीबी भरलेले. GPU मध्ये `Dedicated GPU memory` समोर सहापैकी ४.१. म्हणजे कार्डात जागा शिल्लक होती, रॅम तुडुंब होती. उलटं असतं, कार्ड भरलेलं आणि रॅम मोकळी, तर टेक्स्चर एक पायरी खाली आणून भागलं असतं. आणि दोन्ही मोकळे असूनही फ्रेम कमीच येत असतील तर रिझोल्युशन उतरवून बघायचं: फ्रेम वाढल्या तर ग्राफिक्स चिप दमतेय, जराही वाढल्या नाहीत तर प्रोसेसर मागे पडतोय. नुसत्या "गेम अडकतो" वरून यातलं काहीच कळत नाही, पण लोक तेवढ्यावर फॉरमॅट मारून मोकळे होतात.

स्टिक घेताना जुनीसारखीच घ्या. डीडीआर ४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर ५ बसतच नाही. एका आठाशेजारी दुसरी आठ बसली की क्षमता वाढते तशी वाटही दुहेरी होते, आणि कित्येक गेममध्ये गचके त्यानेच कमी होतात. झाकण उघडण्याआधी त्या कंपनीच्या वॉरंटीत रॅम बदलायची मुभा आहे का, ते वाचा.

चूक तिसरी: हर्ट्झवर भुलणं

१४४ हर्ट्झची स्क्रीन सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकते, पण तेवढी चित्रं बनवायची ग्राफिक्स चिपने. नव्या गेममध्ये पन्नास-साठ फ्रेम मिळत असतील तर १६५ हर्ट्झसाठी जादा मोजलेले पैसे पाण्यात. दुसऱ्या लॅपटॉपची २५६० बाय १६०० ची स्क्रीन तर उलट ओझंच. त्यात साध्या १९२० बाय १०८० च्या जवळजवळ दुप्पट पिक्सेल भरावे लागतात, आणि चिप मात्र कमी वॅटची.

तुम्ही फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणार असाल तर मात्र माझा क्रम मोडा. व्हॅलोरंटसारखा गेम हलका असतो, त्याला स्वस्त कार्डही पुरतं आणि जादा हर्ट्झचा फायदा खरोखर जाणवतो. तिथे स्क्रीन आणि प्रोसेसरला वर आणा.

बाकीच्यांनी स्क्रीनचं एकच बघावं: रंग आणि उजेड. बजेटच्या लॅपटॉपवर `45% NTSC` आणि `250 nits` लिहिलेलं असतं. अशा पॅनेलवर लाल रंग विटकरी दिसतो आणि खिडकीजवळ बसलं तर अंधाऱ्या दृश्यात काही कळत नाही. आमच्या तिसऱ्या लॅपटॉपची स्क्रीन नेमकी अशीच आहे. भाचा खोलीतच खेळतो, म्हणून चाललं. ज्याला व्हिडिओ एडिटिंग किंवा डिझाइनही करायचं आहे, त्याने `100% sRGB` शोधावं, नाहीतर पुढे एखादा बाहेरचा मॉनिटर जोडावा. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपचं एचडीएमआय थेट मोठ्या ग्राफिक्स चिपला जोडलेलं असतं, त्यामुळे मॉनिटरवर चार फ्रेम जास्तही मिळतात. आणि घरी आणल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये Advanced display उघडून १४४ खरंच निवडलंय का ते बघा; कित्येक जण वर्षभर साठवरच खेळत असतात.

दुकानाबाहेरच्या दोन गोष्टी

कोल्हापुरात स्वस्त मिळतो म्हणून लोक गाडी काढतात. लॅपटॉपवर जीएसटी दोन्ही राज्यांत सारखाच, १८ टक्के, त्यामुळे फरक पडला तर तो दुकानदाराच्या सवलतीचा. त्यापेक्षा, घरी येऊन दुरुस्तीची सेवा तुमच्या पिनकोडला लागू आहे का, ते आधी विचारा. बेळगाव शहरात मिळते म्हणून खानापूर तालुक्यातल्या खेड्यातही मिळेल असं धरून चालू नका.

आणि पावसाळ्यात वीज गेली की गेम एकदम रखडतो, म्हणून लॅपटॉप बिघडला असं समजू नका. बॅटरीवर ग्राफिक्स चिपला पूर्ण वीज मिळतच नाही, कुठल्याही लॅपटॉपमध्ये. तसंच नवी डीडीआर ५ स्टिक बसवल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. लॅपटॉप रॅमची जुळणी करत असतो. भाच्याने घाबरून दोनदा बटण दाबून बंद केला होता. तिसऱ्यांदा चार्जर लावून तसाच ठेवायला सांगितला, तेव्हा सुरू झाला आणि `Slots used: 2 of 2` दिसलं.