कटसीनमध्ये पॉज केल्यावर बंद पडणारा गेम : बग रिपोर्ट लिहिण्यापूर्वीची तयारी

‘कटसीन चालू असताना पॉज केले की गेम क्रॅश होतो’ एवढेच लिहून रिपोर्ट पाठवला, तर प्रोग्रामर सहकारी कटसीन सुरू करील, एस्केप दाबील, मेनू बंद करील आणि काहीच न घडल्यामुळे ‘माझ्याकडे होत नाही’ असे कळवील. अशा वेळी दोघेही खरेच सांगत असतात. फक्त पॉज नेमका कधी केला आणि मेनू किती वेळ उघडा ठेवला, हे रिपोर्टमध्ये आलेले नसते. पुढील तयारी युनिटीमध्ये बनवलेल्या, विंडोजवर चालणाऱ्या आणि टाइमलाइनवर कटसीन रचलेल्या गेमला धरून सांगितली आहे.

गेम बंद पडल्यावर तो लगेच पुन्हा सुरू करू नये, आधी लॉगची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवावी. लॉग या ठिकाणी सापडतो. कंपनीचे व गेमचे नाव आपल्या प्रोजेक्टप्रमाणे घालावे:

```
%USERPROFILE%\AppData\LocalLow\CompanyName\ProductName\Player.log
```

गेम पुन्हा सुरू होताच नवा `Player.log` तयार होतो आणि जुना `Player-prev.log` या नावाने शेजारी राहतो. त्यामुळे एकदा सुरू केला असेल तरी पुरावा हाती लागतो. दुसऱ्यांदा सुरू केल्यावर मात्र तो जातो, आणि घाईने ‘पुन्हा होतेय का’ हे पाहताना नेमके हेच घडते. लॉगची शेवटची चार ओळींची कात्रणे न पाठवता संपूर्ण फाइल जोडावी, कारण मूळ चुकीची नोंद बरेचदा बंद पडण्याच्या कितीतरी आधी आलेली असते.

यानंतर ‘क्रॅश’ म्हणजे काय झाले, हे स्वतःशी निश्चित करावे. खिडकी आपोआप नाहीशी होऊन डेस्कटॉप दिसला, चित्र गोठून खिडकीच्या शीर्षकात `Not Responding` उमटले, किंवा गेम जिवंत राहून फक्त काळा पडदा उरला आणि कोणतेही बटण चालेना, हे तीन वेगळे दोष आहेत आणि त्यांचा शोध तीन वेगळ्या दिशांनी घ्यावा लागतो. युनिटीत स्क्रिप्टमधील साधी चूक, उदाहरणार्थ नष्ट झालेल्या वस्तूला हात लावणे, सहसा गेम बंद पाडत नाही. ती लॉगमध्ये नोंदली जाते आणि गेम अर्धवट अवस्थेत पुढे चालत राहतो. म्हणून खिडकी खरोखरच नाहीशी झाली असेल, तर ते ठळकपणे लिहावे.

आता सर्वांत जास्त वेळ द्यावा असे काम येते, ते म्हणजे पॉजची वेळ शोधणे. उदाहरणादाखल धक्क्यावर बोट लागतानाचे 40 सेकंदांचे एक कटसीन घेऊ. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटच्या दोन-तीन सेकंदांत असे तीन ठिकाणी पॉज करावे, आणि प्रत्येक ठिकाणी एकदा मेनू लगेच बंद करावा, एकदा मिनिटभर उघडा ठेवावा. समजा, लगेच बंद केल्यास कुठेही काही बिघडत नाही. पण मेनू उघडा ठेवल्यास तिन्ही ठिकाणी गेम बंद पडतो, आणि तोही पॉजनंतर ठरावीक वेळाने नव्हे, तर कटसीन सुरू झाल्यापासून बरोबर 40 सेकंदांनी. एवढ्या निरीक्षणाने दोषाचे रूपच बदलते. पॉज करणे हे निमित्त ठरत नाही. पॉज मेनू उघडा असताना कटसीन संपणे हे निमित्त ठरते. मेनूमागे कटसीन थांबलेलेच नव्हते, असाही याचा अर्थ होतो.

ते थांबले होते का, हे डोळ्यांनी पाहावे, कानांनी ठरवू नये. बहुतेक गेम पॉजसाठी `Time.timeScale` शून्य करतात, पण त्याने आवाज थांबत नाही. आवाजासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते. त्यामुळे मेनूमागे संवाद ऐकू येणे हा टाइमलाइन चालू असल्याचा पुरावा होत नाही. मेनू अर्धपारदर्शक असेल तर मागील बोट सरकते आहे का ते पाहावे. प्रोजेक्ट उघडण्याची सोय असल्यास त्या कटसीनच्या `Playable Director` वर `Update Method` काय निवडले आहे तेही नोंदवावे: `Game Time` असेल तर `Time.timeScale` शून्य होताच टाइमलाइन थांबते, `Unscaled Game Time` असेल तर ती मेनूची पर्वा न करता पुढे जाते.

याच्या जोडीला न घडणाऱ्या गोष्टीही तपासाव्यात, आणि माझ्या मते अनेक रिपोर्ट इथेच अपुरे पडतात. पॉज न करता तेच कटसीन शेवटपर्यंत पाहावे. साध्या खेळात मेनू तेवढाच वेळ उघडा ठेवावा. आणि दुसऱ्या एखाद्या कटसीनमध्ये हाच प्रयोग करावा. पॉजचे मार्गही वेगवेगळे असतात: एस्केप, कंट्रोलरचे बटण, कंट्रोलरची केबल निघणे, Alt+Tab करून खिडकीबाहेर जाणे. यांतील प्रत्येकासाठी कोडमधील वाट वेगळी असू शकते, म्हणून जे तपासले ते नावानिशी लिहावे आणि जे तपासले नाही तेही तसे लिहावे.

एवढी सामग्री जमली की लेखन अवघड राहत नाही. शीर्षक असे द्यावे: ‘धक्क्याचे कटसीन संपताना पॉज मेनू उघडा असल्यास गेम डेस्कटॉपवर बंद पडतो’. पायऱ्या सहकाऱ्याला कमीत कमी वेळात दोषापर्यंत नेणाऱ्या असाव्यात: ‘जोडलेली सेव्ह फाइल उघडावी. बोटवाल्याशी बोलून कटसीन सुरू करावे. 30 सेकंदांनंतर एस्केप दाबून मेनू उघडावा आणि काहीही न दाबता 15 सेकंद थांबावे.’ त्याखाली अपेक्षित वर्तन (‘मेनू बंद करेपर्यंत कटसीन थांबून राहावे’), प्रत्यक्ष वर्तन (‘मेनू उघडा असताना खिडकी नाहीशी होते’) आणि वारंवारता (‘10 पैकी 10 वेळा’) अशी तीन वाक्ये पुरतात. बिल्ड क्रमांक, `Development Build` होता की नाही, तो Mono वर आहे की IL2CPP वर, आणि विंडोजची आवृत्ती एका ओळीत द्यावी. दाबलेल्या कळा दिसतील असा छोटा व्हिडिओ असल्यास उत्तम. तो कटसीनच्या आरंभापासून असावा, म्हणजे सेकंद मोजता येतील.

आपला तर्क लिहायचा असेल तर अगदी शेवटी, ‘अंदाज’ असे म्हणून वेगळा लिहावा. समजा, जोडलेल्या लॉगच्या शेवटी `OnCutsceneEnd` आणि `ClosePauseMenu` ही दोन नावे आळीपाळीने पुन्हा पुन्हा आली आहेत. तर कटसीन संपल्यावर मेनू बंद केला जातो आणि मेनू बंद होताना कटसीन पुन्हा ‘संपवले’ जाते, अशी फंक्शनची न संपणारी साखळी होऊन स्टॅक भरत असावा, असे म्हणता येईल. पण हा तर्क शीर्षकात किंवा पायऱ्यांत शिरू देऊ नये. तो चुकीचा निघाला, तरी निरीक्षणे आणि पायऱ्या जशाच्या तशा उपयोगी पडायला हव्यात.

पाठवण्यापूर्वी दोषाची माहिती नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला केवळ लिहिलेल्या पायऱ्या वाचून, शक्यतो दुसऱ्या संगणकावर, गेम बंद पाडायला सांगावे आणि मध्ये काहीही सुचवू नये. तो जिथे अडेल तिथे एक पायरी गळालेली आहे असे समजून ती भरावी. दुरुस्तीनंतर कोणते प्रयोग पुन्हा करायचे, तेही रिपोर्टमध्येच लिहून ठेवावे: मेनू उघडा असताना कटसीन थांबते का, मेनू बंद केल्यावर ते त्याच ठिकाणाहून पुढे जाते का, आणि शेवटच्या सेकंदात पॉज केल्यास पुढचे दृश्य नीट सुरू होते का.