पहिली लघवी कॅनमध्ये नको
चोवीस तासांच्या लघवीतल्या सोडियमची तपासणी बहुतेकदा बिघडते ती सुरुवातीलाच. सकाळी सातला उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, कारण ती रात्रीची साठलेली असते. फक्त वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये. शौचाच्या वेळची लघवी हमखास निसटते, म्हणून आधी कॅनसाठी लघवी करून घ्यावी. दुसऱ्या दिवशी सातची लघवी मात्र धरायची. एखादी वेळ चुकली तर लॅबला सांगा, नाहीतर खाल्लेले मीठ उगाच कमी दिसेल.

रिपोर्टमध्ये दिवसभराचे एकूण सोडियम १७० मिलिमोल आले, तर १७ ने भागा: साधारण १० ग्रॅम मीठ. घामातून गेलेले यात येत नाही. आणि त्या दिवशी मुद्दाम अळणी जेवू नका!