मोलचं गणित कुठे चुकतं? डझनाशी ताडून बघताना या चुका टाळा

भद्रकालीच्या बाजारात केळी डझनाने मिळतात आणि द्राक्षं किलोने. का, असं वर्गात विचारलं की मुलं हसतात. द्राक्षं कोण मोजत बसणार, मॅडम? बरोबर. वस्तू फार लहान आणि फार जास्त झाल्या की माणूस मोजणं सोडतो आणि तोलायला लागतो. अणूंचं तेच आहे, फक्त हद्दीबाहेरचं. मोल हा अणूंचा डझन. डझनात १२ नग, मोलमध्ये ६.०२२ × १०²³ कण. या अंकाला अ‍ॅव्होगॅड्रो अंक म्हणतात.

इथपर्यंत सगळ्यांना कळतं. घोटाळा पुढच्या पाच मिनिटांत सुरू होतो. नाशिकरोडला नववीच्या आणि अकरावीच्या मुलांचे क्लास घेताना तेच तेच घोटाळे दरवर्षी बघते, म्हणून लिहायला घेतलं.

पहिला घोटाळा म्हणजे मोल हे वजन समजणं. वर्गात पहिलं उदाहरण पाण्याचं होतं, १ मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम. मग एका मुलाने पुढच्या सगळ्या गणितांत, मीठ असो की ऑक्सिजन, मोल म्हणून १८ ग्रॅमच धरले. त्याला विचारलं, डझनाचं वजन किती? तो म्हणाला, कशाचा डझन? हाच प्रश्न मोललाही विचारायचा असतो. डझनभर लिंबं पिशवीच्या कोपऱ्यात मावतात, डझनभर नारळ उचलताना हात भरून येतात, नग मात्र दोन्हीकडे १२ च. आमच्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे, त्यामुळे दुसरं उदाहरण हाताशीच असतं: बंडल दहाच्या नोटांचं असो की पाचशेच्या, नोटा शंभरच, किंमत वेगळी. तसंच १ मोल कार्बन १२ ग्रॅम, १ मोल लोह ५६ ग्रॅम. कण तेवढेच, वजन वेगळं.

इथे एक छोटा सापळा आहे. कार्बनचे १२ ग्रॅम आणि डझनाचे १२ नग बघून काही मुलांना वाटतं की या दोन बारांचं काहीतरी नातं असणार. काही नाही, निव्वळ योगायोग. मी स्वतः पहिल्या दिवशी कार्बनचं उदाहरण आता देतच नाही.

पण १२ ग्रॅमच का, हा प्रश्न मात्र चांगला आहे, आणि डझनाची उपमा इथे तोकडी पडते. एक केळं १०० ग्रॅमचं असेल तर डझन १२०० ग्रॅमचा होतो, म्हणजे आकडा बदलला. मोलमध्ये आकडा बदलत नाही. u हे अणू-रेणूंचं वस्तुमान सांगायचं इवलंसं एकक. कार्बनच्या एका अणूचं वस्तुमान १२ u, मोलचं १२ ग्रॅम. पाण्याच्या एका रेणूचं १८ u, मोलचं १८ ग्रॅम. ही जादू नाही. आकडा तोच राहावा म्हणूनच तर ६.०२२ × १०²³ हा अवघड अंक निवडला गेला. पूर्वी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू, तितके कण म्हणजे एक मोल अशी व्याख्या होती. २० मे २०१९ पासून ती उलटी केली, आता ६.०२२१४०७६ × १०²³ हा अंकच पक्का ठरवला आहे. तुमच्या गणितात त्याने काही फरक पडत नाही.

दुसरा घोटाळा: कशाचा मोल ते न सांगणं. ‘१ मोल ऑक्सिजन’ असं लिहून कोणी १६ ग्रॅम धरतं, कोणी ३२. दुकानात एक डझन जोड चपला मागितल्या तर किती चपला येतील? २४. ऑक्सिजनचा रेणू O₂ हा असाच जोड आहे. O₂ रेणूंचा १ मोल म्हणजे ३२ ग्रॅम आणि त्यात अणू २ मोल. १६ ग्रॅम हा O अणूंचा १ मोल. म्हणून ‘मोल’ शब्दापुढे कण कोणता ते लिहायची सवय लावून घ्या. सूत्र लिहिलं तरी पुरे.

भागाकार उलटा होणं हे नेहमीचंच. ३६ ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल? ३६ भागिले १८, उत्तर २. उलटं केलं तर अर्धा मोल येतो, आणि चूक लगेच दिसायला हवी: एका डझनाच्या वजनापेक्षा माल जास्त असताना डझन एकापेक्षा कमी कसे?

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. Fe + S → FeS हे समीकरण बघून मुलं म्हणतात, एकास एक प्रमाण, म्हणजे १० ग्रॅम लोहकिसात १० ग्रॅम गंधक घालायचं. समीकरण ग्रॅमचं बोलतच नाही, ते नगांचं बोलतं. वडापाव करायला दहा किलो वडे आणि दहा किलो पाव कोणी आणत नाही. जितके वडे तितके पाव लागतात, वजन काहीही येवो.

सोडवून बघू. लोहाचा मोल ५६ ग्रॅमचा, गंधकाचा ३२ ग्रॅमचा. १० ग्रॅम लोह म्हणजे १० भागिले ५६, सुमारे ०.१८ मोल. १० ग्रॅम गंधक म्हणजे १० भागिले ३२, सुमारे ०.३१ मोल. एकास एक जोडी लावायची, तर लोह आधी संपणार. त्याला गंधकही ०.१८ मोलच लागेल, म्हणजे साधारण ५.७ ग्रॅम. उरलेलं ४.३ ग्रॅम गंधक जादा. FeS बनेल सुमारे १५.७ ग्रॅम, २० नाही. बरोबर माप हवं असेल तर ७ ग्रॅम लोहाला ४ ग्रॅम गंधक, कारण ५६ ला ३२ म्हणजेच ७ ला ४.

प्रयोगशाळेत सरांसमोर हे करताना चूक डोळ्यांना दिसते. गंधक जास्त झालं तर तापवताना ते परीक्षानळीच्या वरच्या थंड भागात पिवळं जमा होतं, नळीच्या तोंडाशी निळ्या ज्योतीने जळतं आणि घशाला झोंबणारा सल्फर डायऑक्साइड सुटतो. म्हणून खिडक्या उघड्या हव्यात. लोह जास्त झालं तर थंड झालेल्या काळ्या गोळ्याची पूड लोहचुंबकाला चिकटते. माप अगदी ७ ला ४ असूनही थोडी पूड चिकटली तर गणित चुकलं असं समजू नका. कीस जाड असेल किंवा दोन्ही नीट मिसळलं नसेल, तर काही लोह गंधकाला न भेटताच राहून जातं.