समीक्षकांच्या आक्षेपांना एका पानात उत्तर देताना

एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेकडे मी आर01 या संशोधन अनुदानासाठी पहिला अर्ज केला होता. त्याचं समरी स्टेटमेंट, म्हणजे समीक्षकांच्या मतांचा अहवाल, आलं, त्याच रात्री मी त्याला दोन पानी उत्तर लिहून काढलं. जवळपास प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात 'आमच्या अर्जात हे स्पष्ट लिहिलं होतं' अशी होती. सकाळी ते वाचून मी बाजूला ठेवलं आणि पुढचे दहा दिवस त्या फाइलला हात लावला नाही. नंतर जे उत्तर पाठवलं, ते कसं तयार झालं ते इथे सविस्तर लिहिते. पहिल्यांदा फेरअर्ज करणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

एनआयएचच्या नियमाप्रमाणे एक अर्ज एकदाच फेरसादर करता येतो, तोही मूळ अर्जापासून 37 महिन्यांच्या आत. आर01 असेल तर आक्षेपांच्या उत्तरासाठी 'इंट्रोडक्शन' नावाचं एकच पान मिळतं. ते वाचणाऱ्यांपैकी काही समीक्षक नवे असू शकतात, पण जुनं समरी स्टेटमेंट त्यांच्यासमोर असतं. म्हणजे आक्षेप आणि उत्तर ते शेजारी शेजारी ठेवून वाचतात. एखादा आक्षेप गाळला किंवा सौम्य करून मांडला, तर ते लगेच लक्षात येतं.

आधी काय वाचायचं, हे मला एका अनुभवी सहकाऱ्याने शिकवलं. मी तिन्ही समीक्षकांची मतं ओळ न् ओळ वाचत बसले होते. तो म्हणाला, "आधी चर्चेचा सारांश वाच. गुण कशाने घसरले ते तिथे कळेल." अर्जावर बैठकीत चर्चा झाली असेल, तर समरी स्टेटमेंटच्या सुरुवातीला हा सारांश असतो. समीक्षकांची वैयक्तिक मतं बैठकीच्या आधी लिहिलेली असतात आणि चर्चेनंतर ती बदललेली असतीलच असं नाही. माझ्या बाबतीत तिसऱ्या समीक्षकाने अर्धं पान लिहिलेला एक मुद्दा सारांशात नव्हताच. उलट दुसऱ्याने एका ओळीत लिहिलेली शंका तिथे पहिलीच होती. नमुन्याची संख्या कशी ठरवली, ही ती शंका.

प्रकल्प असा होता: गरोदरपणात उंदरांच्या आहारात बदल केला, तर पिल्लांच्या स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो. मी प्रत्येक गटात दहा माद्या आणि प्रत्येकीची सहा पिल्लं धरली होती, म्हणजे गटात 60 पिल्लं. आकडा भरपूर वाटत होता. पण आहार दिला जातो आईला, आणि एका वेतातली पिल्लं एकमेकांसारखी असतात. ती 60 स्वतंत्र मोजमापं नव्हेत. आमच्या जुन्या माहितीवरून एका वेतातल्या पिल्लांमधला सहसंबंध 0.3 च्या आसपास येत होता. या साम्यामुळे मोजमापं किती पटीने कमी धरायची, तो फुगवट्याचा गुणक त्यावरून निघतो 1 + (6 − 1) × 0.3, म्हणजे 2.5. 60 ला 2.5 ने भागलं की उरतात 24. आम्हाला अपेक्षित फरक होता प्रमाण विचलनाच्या पाऊणपट. तो 80 टक्के शक्तीने, म्हणजे फरक खरोखर असेल तर सापडण्याची शक्यता 80 टक्के ठेवून, पकडायचा तर गटात साधारण 29 स्वतंत्र मोजमापं हवीत. समीक्षक बरोबर होता, आणि माझ्या रात्रीच्या उत्तरात मी त्यालाच सर्वांत जास्त विरोध केला होता.

संख्याशास्त्राच्या मॅडमसोबत बसून रचना बदलली. गटात 20 माद्या आणि प्रत्येक वेतातून दोनच पिल्लं, एक नर आणि एक मादी. गुणक झाला 1.3, आणि 40 पिल्लं जवळपास 31 स्वतंत्र मोजमापांइतकी झाली. नर आणि मादी दोघांचा विचार का नाही, या दुसऱ्या शंकेलाही त्यातच बऱ्यापैकी उत्तर मिळालं. नर-मादींमधला फरक ठामपणे सिद्ध करण्याइतकी ही संख्या नाही, हेही आम्ही लिहिलं.

अंतिम मजकूर इंग्रजीत होता. मराठीत सांगायचं तर तो असा: 'नमुन्याच्या गणितात वेतातलं साम्य धरलेलं नव्हतं, ही समीक्षकांची शंका योग्य आहे. आता वेत हे एकक धरून गणित पुन्हा केलं आहे. गटात 20 वेतं आणि प्रत्येकातून एक नर व एक मादी घेतली आहे. विश्लेषणात वेताचा परिणाम वेगळा धरला आहे.' चार वाक्यं. त्यात आभारांचा फुलोरा नाही, आणि चूक कशी झाली याचं स्पष्टीकरणही नाही. आधीच्या मसुद्यात 'या क्षेत्रातल्या अनेक प्रकाशित अभ्यासांत असंच करतात' असं एक वाक्य होतं. ते खरं असलं, तरी समीक्षकाला त्यातून नवं काहीच कळत नव्हतं, म्हणून काढलं.

दुसऱ्या तऱ्हेचा आक्षेप अवघड होता, कारण तो गैरसमजातून आला होता. एकाने लिहिलं होतं की स्मरणशक्तीची ती चाचणी आमच्या प्रयोगशाळेने कधी केलेली नाही. प्रत्यक्षात प्राथमिक निकालाची आकृती अर्जात होती, पण ती नवव्या पानावर, तिसऱ्या उद्दिष्टाच्या मजकुरात कोपऱ्यात छापलेली होती. अनेक अर्ज वाचताना एखाद्या समीक्षकाला ती सापडली नाही, तर दोष माझ्या मांडणीचा. आम्ही लिहिलं: 'या चाचणीचा आमचा अनुभव मूळ अर्जात ठळकपणे मांडला गेला नव्हता. ती आकृती आता पहिल्या उद्दिष्टाच्या सुरुवातीला घेतली आहे आणि त्यात आणखी एका तुकडीची माहिती जोडली आहे.' 'नवव्या पानावर होतं' हे शब्द एकदाही वापरले नाहीत.

एका सूचनेला मात्र नकार द्यायचा होता. एका समीक्षकाला संबंधित जनुक काढून टाकलेले उंदीर वापरायला हवे होते. त्या उंदरांत जनुक गर्भावस्थेच्या सुरुवातीपासून नसतं, आणि आमचा प्रश्नच असा होता की परिणाम गरोदरपणाच्या कोणत्या आठवड्यात होतो. नकारात मी आधी सूचनेमागची काळजी मान्य केली: केवळ आहार बदलल्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मग ती काळजी दूर करण्यासाठी ठरावीक आठवड्यातच औषधाने जनुकाचं काम दाबणारा एक छोटा प्रयोग जोडला, आणि जनुक काढलेले उंदीर का घेतले नाहीत ते एका वाक्यात सांगितलं. पानभर उत्तरात असा नकार एकच होता. तीन-चार झाले असते, तर वाचणाऱ्याला आम्ही काहीच ऐकलं नाही असं वाटलं असतं.

पान पूर्ण झाल्यावर एक चूक राहिली होती, ती मॅडमनी पकडली. इंट्रोडक्शनमध्ये 20 वेतं, संशोधन आराखड्यात 20 वेतं, पण प्राण्यांच्या वापराच्या विभागात गटाला दहाच माद्या तशाच होत्या, आणि बजेटही जुन्या संख्येचंच. उत्तरात दिलेला बदल अर्जात सापडला नाही, तर वाचणाऱ्याचा बाकीच्या उत्तरांवरचाही विश्वास उडतो. मी इंट्रोडक्शनचा कागद छापला, प्रत्येक वाक्यासमोर तो बदल अर्जात ज्या ज्या पानांवर आहे त्यांचे आकडे पेन्सिलने लिहिले, आणि ज्या वाक्यासमोर आकडा लिहिता येईना ते वाक्य तरी काढलं किंवा अर्ज तरी दुरुस्त केला. अशी तीन वाक्यं निघाली.

दुसऱ्या वेळच्या सारांशात नमुन्याच्या संख्येचा मुद्दा समाधानकारकरीत्या सुटला असं लिहिलं होतं. जनुकाच्या नव्या प्रयोगाबद्दल मात्र एक नवी शंका होती: औषध आईच्या शरीरातून पिल्लांपर्यंत किती पोहोचतं? ती मोजणी आम्ही पहिल्या वर्षाच्या कामात घातली.