घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेण्याचं काम सोलापुरात कसं सुरू करावं

डीएमएलटी झालंय, सुई टोचायला हात बसलाय, पण लॅब टाकायला पैसे नाहीत, अशांसाठी हा लेख आहे. मेडिकलच्या काउंटरवर काम करणाऱ्यांनी रक्त काढण्याचं रीतसर शिक्षण घेतल्याशिवाय यात पडू नये.

पहिलं काम म्हणजे पॅथॉलॉजिस्ट असलेली एक लॅब गाठा. रिपोर्ट त्यांचा, सही त्यांची. तुम्ही फक्त नमुना आणणार. घरी मशीन ठेवून स्वतःच्या सहीने रिपोर्ट देण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कायद्याने ते चालत नाही. मोबदला दर फेरीला ठरावीक मागा, तपासण्यांवर टक्का नको. टक्का ठरला की पेशंटला नको असलेल्या तपासण्या सुचवायचा मोह होतो. नमुना खराब निघाला तर दुसऱ्या फेरीचा खर्च कोणाचा, हेही आधीच लिहून घ्या.

सामान तुम्हाला माहीतच आहे. नळ्यांचा क्रमही मोडू नका: सिरमची आधी, मग जांभळी, शेवटी करडी. जांभळ्या नळीतलं ईडीटीए सिरमच्या नळीत गेलं तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं उतरतं. नाव पेशंटच्या समोर, रक्त काढल्यावर लगेच नळीवर लिहा.

खरी परीक्षा घरातून बाहेर पडल्यावर सुरू होते. शिर सापडणं अवघड, असं सगळे सांगतात. सोलापुरात मला त्याहून अवघड वाटतं ते नमुना लॅबपर्यंत धड पोचवणं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. उन्हात उभ्या स्कूटरची डिकी त्याहून तापते. रक्त नळीत गेलं तरी पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या तापमानालाही तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते, उन्हात आणखी वेगाने. करड्या नळीतलं फ्लोराइड हे थांबवतं, पण त्याचा पूर्ण परिणाम व्हायला तासभर तरी लागतो.

म्हणून काही जण नळ्या थेट बर्फात खुपसतात. हे अजिबात करू नका. न फिरवलेलं रक्त फार गार झालं की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. पेशी फुटल्या तर सिरम गुलाबी दिसतं आणि चूक पकडता येते. इथे मात्र सिरम स्वच्छ पिवळं राहतं, तरी आकडा खोटा येतो. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांचं पोटॅशियम ६.२ आलं की घरचे घाबरून त्यांना रात्री दवाखान्यात नेतात, आणि दोष फक्त तुमच्या डब्याचा असतो.

उपाय साधा आहे. थर्माकोलचा डबा घ्या. जेल पॅक जाड नॅपकिनमध्ये गुंडाळून तळाशी ठेवा, वर स्टँडमध्ये नळ्या उभ्या लावा आणि आत थर्मामीटर ठेवा. तापमान २० ते २५ अंशांत राहिलं पाहिजे. डबा डिकीत नको, पायाशी ठेवा. आडव्या नळ्या खड्ड्यांत हिंदकळतात आणि पेशी फुटतात.

वेळेचा हिशोब उलटा करायचा. समजा जुळे सोलापुरात पहिला नमुना साडेसहाला घेतला. सिरम दोन तासांत वेगळं व्हायला हवं, म्हणजे साडेआठला नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरलेली हवी. नोंदणीला आणि फिरवायला अर्धा तास धरला, तर सात रस्त्याजवळच्या लॅबच्या दारात तुम्ही आठला पोचायला हवं. मधल्या दीड तासात प्रत्येक घराला वीस मिनिटं आणि शेवटचा रस्ता धरला तर चार घरं होतात. पाचव्या घरचा फोन आला तरी त्यांना दुसऱ्या फेरीत घ्या. माझं याबाबत ठाम मत आहे, कारण पाचव्या घरासाठी पहिल्या घराचा रिपोर्ट बिघडतो. कुंभारीसारख्या लांबच्या गावाला नियमित जायचं असेल तर आधी स्वतःचा छोटा सेंट्रिफ्यूज घ्या. जेलच्या नळीत रक्त अर्धा तास गोठू द्या आणि एकदाच फिरवा. तीच नळी लॅबला पुन्हा फिरवू देऊ नका.

प्रत्येक नळीवर रक्त काढल्याची वेळ लिहा. नमुना बिघडला तर तो सुईने बिघडला की उशिराने, हे लॅबला त्यावरूनच कळतं. गुलाबी सिरम वारंवार येत असेल तर आधी सिरिंज तपासा. सुईतूनच नळीत जोराने रक्त ढकलत असाल तर ते थांबवा. सुई काढून, झाकण उघडून रक्त कडेने सोडा. दंडाला बांधलेला पट्टाही मिनिटाच्या आत सुटला पाहिजे.

जेवणानंतरच्या साखरेसाठी दोन तास पहिल्या घासापासून मोजतात, हे पेशंटला सांगा. पूर्व भागात तेलुगूत सांगता आलं तर फार बरं. वापरलेल्या सुया झाकण न लावता टोचणार नाही अशा डब्यात टाका आणि डबा लॅबलाच परत द्या. घंटागाडीत टाकू नका.