वाहतूक पोलिसांनी गाडी थांबवली, तर या चुका टाळा

वाहतूक पोलिसांनी हात दाखवल्यावर रस्त्याच्या कडेला जे वाद रंगतात, त्यांतले बरेचसे कागदपत्रे नसल्यामुळे होत नाहीत. कागदपत्रे असतात, पण ती चुकीच्या स्वरूपात असतात किंवा भलत्याच माणसाच्या मोबाइलमध्ये असतात.

पहिली चूक मात्र कागदपत्रांच्या आधीच होते. हात दिसला की चालक जागच्या जागी करकचून ब्रेक दाबतो, किंवा उजव्या मार्गिकेतून एकदम डावीकडे गाडी घालतो. पोलिसाने आपल्या गाडीकडे बोट करून नंतर रस्त्याची कडा दाखवली, तर गाडी बाजूला घ्यायची आहे, असा त्याचा अर्थ होतो. चौकात तळहात समोर धरून उभा असलेला पोलीस बहुधा ती संपूर्ण रांगच थांबवत असतो आणि तेव्हा कडेला जाण्याची गरज नसते. दिवा हिरवा असला तरी कर्तव्यावरील पोलिसाचा इशाराच मानायचा असतो. कडेला जाताना आरशात मागची वाहने पाहावीत, डावा इंडिकेटर द्यावा, वेग हळूहळू कमी करावा आणि गाडी पोलिसाच्या थोडी पुढे, रहदारीच्या वाटेत येणार नाही अशी थांबवावी. मग हँडब्रेक ओढून इंजिन बंद करावे, काच खाली घ्यावी आणि रात्र असेल तर गाडीतला दिवा लावावा. न थांबता निघून जाणे हा सर्वांत महागात पडणारा मार्ग आहे, कारण गाडीचा क्रमांक नोंदवलेला असतोच आणि कायदेशीर आदेश न पाळल्याबद्दल मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 179 खाली दोन हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आता काय दाखवायचे ते पाहू. गणवेशातील कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास चालकाने वाहन चालवण्याचा परवाना दाखवावा, असे कलम 130 सांगते. परवान्याखेरीज गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे आरसी, विमा आणि पीयूसी हीसुद्धा दाखवावी लागतात. प्रवासी किंवा मालवाहतुकीच्या वाहनाला यांशिवाय परमिट आणि फिटनेस प्रमाणपत्र लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 139 प्रमाणे ही कागदपत्रे छापील किंवा इलेक्ट्रॉनिक, कोणत्याही स्वरूपात चालतात. गोंधळ होतो तो ‘इलेक्ट्रॉनिक’ या शब्दापाशी.

परवान्याचा फोटो काढून गॅलरीत ठेवणे म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वरूप नव्हे. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या ॲपमध्ये परिवहन खात्याच्या नोंदीतून आलेला परवाना आणि आरसी मूळ कागदपत्रांच्या बरोबरीने ग्राह्य धरली जातात. डिजिलॉकरमध्येही एक फसगत होते, ती अशी की तुम्ही स्वतः अपलोड केलेला फोटोही तिथे दिसतो आणि तो पाहून आपले काम झाले असे वाटते. `Issued` या शीर्षकाखाली आलेले कागदपत्र खात्याने दिलेले असते. अपलोड केलेल्याला गॅलरीतल्या फोटोपेक्षा जास्त किंमत नसते. परवान्यावरील नाव आणि आधारवरील नाव जुळत नसेल, किंवा परवाना जुन्या पुस्तकाच्या स्वरूपातला असून त्याची संगणकीय नोंद झालेली नसेल, तर तो ॲपमध्ये येतच नाही. हे रस्त्यावर उभे असताना कळण्यापेक्षा घरी बसून तपासलेले बरे, आणि तो येत नसेल तर मूळ परवाना खिशात हवा.

सर्वांत जास्त अडचण मागून आणलेल्या गाडीत होते. समजा, मेहुण्याची गाडी घेऊन तुम्ही निघाला आहात. तुमचा परवाना तुमच्या डिजिलॉकरमध्ये आहे, पण गाडीची आरसी मेहुण्याच्या नावावर असल्यामुळे ती त्याच्या खात्यात आहे. पोलिसांनी थांबवल्यावर तुम्ही फोन करता, तो आरसीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि पोलीस तो स्वीकारत नाहीत. इथे अरेरावी चालल्यासारखे वाटते खरे, पण फोटो पडताळता येत नाही ही त्यांची हरकत योग्यच आहे. अशा वेळी फोटोवरून हुज्जत घालण्याऐवजी, ‘साहेब, गाडी मेहुण्याची आहे, मूळ आरसी त्याच्याकडे राहिली आहे, कृपया क्रमांकावरून तपासता का?’ असे सरळ सांगावे. ई-चलनाच्या यंत्रावर गाडीचा क्रमांक टाकला की मालकाचे नाव, विमा आणि पीयूसीची मुदत यांची नोंद सहसा दिसते. त्याच नोंदीतून कागदपत्र वैध असल्याचे पटले, तर छापील प्रत मागायची नाही, असा बदल नियमांत 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू आहे. याच गाडीचा विमा परवाच नव्याने काढला असेल, तर ती नोंद अद्ययावत व्हायला वेळ लागू शकतो आणि यंत्रावर जुनीच मुदत संपलेली दिसू शकते. म्हणून विमा कंपनीने ईमेलवर पाठवलेली पॉलिसीची मूळ पीडीएफ मेहुण्याकडून आधीच मागून घ्यावी. गाडी देणाऱ्यानेही किल्लीसोबत आरसी देण्याची सवय लावून घ्यावी.

‘मला पंधरा दिवसांची मुदत आहे’ हे वाक्यही बरेच जण अर्धवट माहितीवर ऐकवतात. जवळ नसलेली कागदपत्रे पंधरा दिवसांत सादर करण्याची तरतूद आहे, हे खरे. पण ती तपासणीच्या वेळी वैध असलेल्या कागदपत्रांसाठी आहे. दुपारी चार वाजता गाडी अडवली आणि सहा वाजता विमा काढला, तर पॉलिसीवर तो सुरू झाल्याची तारीख आणि वेळ छापलेली असते, त्यामुळे त्याचा उपयोग होत नाही. परवाना असून सोबत नसणे आणि परवानाच नसणे यांतही मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात पहिल्या वेळी कायद्यातील दंड पाचशे रुपयांपर्यंत आहे. दुसऱ्यात कलम 181 खाली तो पाच हजार रुपये आहे आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. खटला न चालवता प्रकरण मिटवण्यासाठी भरायची तडजोडीची रक्कम राज्यागणिक वेगळी असू शकते.

कागदपत्र दाखवताना मोबाइल आपल्याच हातात धरून पडदा पोलिसांसमोर करावा. अनलॉक केलेला फोन हवाली करण्याची गरज नसते. पोलिसांनी गाडीची किल्ली काढून घ्यावी, असा अधिकार कायद्यात स्पष्टपणे कुठे लिहिलेला नाही, पण म्हणून किल्लीसाठी झोंबाझोंबी करणे शहाणपणाचे नाही. शांतपणे नाव आणि बक्कल क्रमांक विचारून तक्रार नंतर वरिष्ठांकडे करता येते. परवाना जप्त झाला, तर मात्र पोचपावती घेतल्याशिवाय निघू नये, कारण परवान्याच्या जागी तीच दाखवता येते आणि पावतीविना दुसऱ्या चौकात तुम्ही परवाना नसलेले चालक ठरता.

दंड मान्य असेल तर चलनावरील गाडीचा क्रमांक, कलम, ठिकाण आणि वेळ वाचूनच तो भरावा व पावती घ्यावी. मान्य नसेल, तर जागेवर भरू नये. चलनावर मुदतीत रीतसर हरकत घेऊन बाजू मांडता येते. नंतर चलनाचा म्हणून संदेश आला आणि त्याला `.apk` अशी फाइल जोडलेली असली, तर ती उघडू नये. ती फसवणूक असते. चलनाची रक्कम शासकीय संकेतस्थळावर स्वतः जाऊन, गाडीचा क्रमांक टाकून पाहावी.